पाच मिनिटांचा व्हिडिओ आणि नऊ वेळा बदल

प्रश्न: आठ महिन्यांपासून घरून व्हिडिओ एडिटिंगची कामं घेतो. एका संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ करायचा होता. मी मिनिटाप्रमाणे दर सांगितला आणि "बदल हवे तितके करून देईन" असंही बोलून गेलो. फुटेज निघालं साडेसहा तासांचं. पहिली कॉपी सगळ्यांना आवडली. नंतर अध्यक्ष, सचिव आणि आणखी दोघांकडून वेगवेगळे बदल येत राहिले. असं नऊ वेळा झालं, आणि सातव्या वेळी तर गाणंच बदललं. तीन आठवडे गेले, आता दहावी यादी येणार म्हणतात. माझा मिनिटाचा दर कमी होता का? वाढवला तर कामं हातची जातील अशी भीती वाटते. कोटेशन कसं द्यावं आणि बदलांची अट कशी घालावी?

उत्तर: दर कमी होता की जास्त, हे मिनिटाच्या आकड्यावरून कळणारच नाही. समजा दहा मिनिटांचं एक भाषण आहे, दोन कॅमेऱ्यांनी शूट केलेलं, आवाज थेट मिक्सरवरून घेतलेला. दोन्ही कॅमेरे सिंक करायचे, बोलणाऱ्यावरून अधूनमधून दुसऱ्या अँगलवर जायचं, सुरुवातीला नाव टाकायचं. चार तासांत काम संपतं. तुमच्या पाच मिनिटांच्या व्हिडिओला वीस तासांच्या वर लागले असणार. लांबी अर्धी आणि कष्ट पाचपट. समारंभाच्या व्हिडिओत तुमचा वेळ खातं ते आलेलं फुटेज. साडेसहा तासांतून पाच मिनिटं काढायची असोत की तीन, बघावं सगळंच लागतं. म्हणून तीन मिनिटांचा व्हिडिओ पाच मिनिटांपेक्षा फार स्वस्तात होत नाही, आणि मिनिटाचा दर लावला की नेमका तिथेच तुमचा तोटा होतो.

दर तासांवरून काढा, पण क्लायंटला तास सांगू नका. त्याला एकच ठरलेली रक्कम हवी असते आणि ती त्याला मिळायला हवी. तास तुमच्या वहीत राहू द्या.

आधी तुमचा तासाचा दर. महिन्याला घरखर्च, वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, कर आणि काही वर्षांनी घ्याव्या लागणाऱ्या नव्या कॉम्प्युटरची पुंजी, असं सगळं मिळून किती लागतं ते लिहा. त्या आकड्याला १६० तासांनी भागू नका. नवीन माणसाचे निम्मे तास कामं शोधण्यात, फोनवर आणि फाइल्स पोचण्याची वाट बघण्यात जातात. ८० तासांनी भागा. महिन्याची गरज ८००० असेल तर तासाचा दर १०० येतो. पुढचा हिशोब याच १०० वर करू, तुम्ही तुमचा आकडा घाला.

आता तुमचंच काम पुन्हा मांडून बघू. पहिला कॅमेरा सलग तीन तास, दुसरा पावणेतीन तास, आणि कोणीतरी फोनवर घेतलेली पाऊण तासाची क्लिप. फाइल्स उतरवणं, दुसऱ्या डिस्कवर बॅकअप, तपासणी आणि सिंक यात तुमचं लक्ष दीड तास जातं. (कॉपी होत असताना कॉम्प्युटर एकटा चालतो, तो वेळ यात धरलेला नाही.) दोन्ही कॅमेरे मल्टिकॅममध्ये शेजारी-शेजारी लावून दीडपट वेगाने पाहिले तर दोन तासांत होतात. फोनची क्लिप आणि खुणा करणं धरून तीन तास. रफ कटला चार, फाइन कटला तीन, आवाजाला दीड, रंगाला दीड, नावं आणि लोगोला एक, एक्सपोर्ट आणि शेवटच्या तपासणीला एक, फोन आणि मेलला एक. साडेसतरा तास झाले.

यातच बदलांच्या दोन फेऱ्यांचे तीन तास मिळवा. होतात साडेवीस. त्यावर पंधरा टक्के, म्हणजे तीन तास, न दिसणाऱ्या गोष्टींसाठी: एखादी फाइल उघडत नाही, एखाद्या भाषणात माइक फाटलाय. एकूण साडेतेवीस तास, म्हणजे २३५०. गाण्याच्या लायसन्सचा खर्च वेगळा, जो येईल तो. पहिल्या दोन-तीन कामांत हे तास चुकतील, म्हणून प्रत्येक टप्प्याला घड्याळ लावून खरे तास लिहून ठेवा. चौथ्या कामापासून तुमचे स्वतःचे आकडे हाताशी असतील आणि ते वर दिलेल्या आकड्यांपेक्षा जास्त खरे असतील.

फुटेज बघितल्याशिवाय रक्कम मात्र सांगू नका. सगळं मागवायची गरज नाही. प्रत्येक कॅमेऱ्याची आणि फोनची एक-एक मिनिटाची मूळ क्लिप आणि सगळ्या फाइल्सची यादी, तीत प्रत्येकीची लांबी, एवढं पुरे. क्लिप मेसेजिंग ॲपवरून आलेली नको. ती दाबून छोटी केलेली असते आणि तिच्यावरून काहीच समजत नाही. या क्लिपमध्ये मुख्यतः दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, आवाज. हॉलच्या मागच्या टोकाला ठेवलेल्या कॅमेऱ्याच्याच माइकचा आवाज असेल तर त्यात घुमणं असतं. ते कमी करता येतं, काढून टाकता येत नाही. हे कोटेशनमध्ये आधीच लिहा, नाहीतर "आवाज साफ करा" हा बदल प्रत्येक यादीत पुन्हा येईल.

दुसरी, फोनच्या क्लिपचा फ्रेम रेट. बहुतेक फोन प्रकाश आणि भार पाहून फ्रेम रेट कमी-जास्त करत राहतात. टाइमलाइनवर अशी क्लिप सुरुवातीला बरोबर जुळते, आणि वीस मिनिटांनी ओठ पुढे, आवाज मागे. मीडियाइन्फो या प्रोग्रॅममध्ये क्लिप उघडून `Frame rate mode` समोर `Variable` दिसलं तर एडिट सुरू करण्याआधीच ती एकाच ठरलेल्या फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या. प्रोजेक्ट २५ फ्रेम्सचा असेल तर ffmpeg या प्रोग्रॅमची ही कमांड टर्मिनलमध्ये चालवा:

```
ffmpeg -i phone.mp4 -vf fps=25 -c:v libx264 -crf 16 -c:a pcm_s16le phone_cfr.mov
```

हे कळलं की तपासणीच्या तासांत अर्धा तास वाढवायचा. कट पूर्ण झाल्यावर कळलं तर ती क्लिप जिथे-जिथे वापरली आहे ती प्रत्येक जागा नव्याने जुळवावी लागते.

आता बदलांकडे. "हवे तितके बदल" म्हटल्याने क्लायंट खूश होतो अशी समजूत असते. प्रत्यक्षात त्याचं नुकसानच होतं, कारण मर्यादा नसली की कोणी एकत्र बसून विचार करत नाही. अध्यक्षांना जे सुचलं ते सकाळी येतं, सचिवांना सुचलेलं रात्री येतं, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध असतात. तुमचे नऊ वेळा आलेले बदल म्हणजे चार माणसांची आपसात न झालेली चर्चा होती. ती तुमच्या टाइमलाइनवर झाली.

एका फेरीला किती वेळ लागतो ते जवळून पाहा. समजा एका पुरस्कारविजेत्याच्या नावात वेलांटी चुकली आहे. दुरुस्तीला दोन मिनिटं लागतात. पण त्याआधी मेसेज वाचायचा, प्रोजेक्ट आणि डिस्क उघडायची, ती जागा शोधायची. मग एक्सपोर्ट, साधारण आठ-दहा मिनिटं. मग पाच मिनिटांचा व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुन्हा बघायचा, कारण एक पट्टी सरकली की दुसरीकडे काळी फ्रेम येऊ शकते. २० एमबीपीएसला एक्सपोर्ट केलेली पाच मिनिटांची फाइल ७५० एमबीची होते. १० एमबीपीएसच्या अपलोडला दहा मिनिटं. शेवटी लिंक पाठवायची आणि दोन ओळी लिहायच्या. अशी पाऊण तासाची फेरी होते. नऊ फेऱ्या म्हणजे पावणेसात तास, बदल वेलांटीएवढाच असला तरी. म्हणून मर्यादा फेऱ्यांवर घाला. एका फेरीत पंचवीस मुद्दे आले तरी चालतील, ते एकदम येऊ देत.

आणि सगळे बदल सारखे नसतात, हे अटींमध्ये दिसलं पाहिजे. गाण्याचं उदाहरण घ्या. कार्यक्रमाच्या व्हिडिओत कट ठेक्यावर बसवलेले असतात. मिनिटाला १२० ठेक्यांच्या गाण्यात दर अर्ध्या सेकंदाला ठेका येतो. नवं गाणं ९६ ठेक्यांचं निघालं तर तो ०.६२५ सेकंदाला येणार. व्हिडिओत नव्वद कट असतील तर जवळजवळ सगळेच ठेक्यावरून सरकतात. जुन्या गाण्यात आवाज चढतो तिथे तुम्ही ट्रॉफी उंचावल्याचा क्षण ठेवला होता. नव्या गाण्यात त्या सेकंदाला शांत सूर आहे. म्हणजे क्षणांचा क्रमही बदलायचा. तीन तासांचा फाइन कट जवळपास पुन्हा करावा लागतो आणि मागे आवाजाची पातळीही. क्लायंटला मात्र ते "फक्त गाणं बदला" एवढंच दिसतं. त्याची यात चूक नाही. त्याला हे कोणी सांगितलेलं नसतं.

यावर उपाय म्हणजे मंजुरी टप्प्याटप्प्याने घ्यायची. फाइन कटच्या आधी तीन गाणी पाठवा आणि एक लेखी मंजूर करून घ्या. मग रफ कट दाखवा: रंग नाही, नावं साधी, कोपऱ्यात वेळेचा आकडा फिरतोय, वर फिकट वॉटरमार्क. सोबत स्पष्ट लिहा की आता फक्त एवढंच बघायचं आहे, कोणते प्रसंग हवेत, कोणते नकोत आणि क्रम बरोबर आहे का. रंगाबद्दल आत्ता बोलायचं नाही. नावांची यादी टाइप केलेली त्यांच्याकडूनच घ्या आणि जशीच्या तशी चिकटवा. फोनवर ऐकून नाव लिहिलं की वेलांटीची फेरी ठरलेली. रफ कट मंजूर झाला की प्रसंगांची निवड बंद, मग फाइन कट, आणि त्यावर दुसरी फेरी.

अटींमध्ये तीन गोष्टी वेगळ्या करा. तुमची चूक, म्हणजे यादीत बरोबर असलेलं नाव चुकीचं टाकलं, आवाज ओठांशी जुळत नाही, काळी फ्रेम आली, ती कधीही आणि फेरीत न मोजता दुरुस्त करायची. त्यांची आवड म्हणजे बदल: हा प्रसंग लांबवा, तो काढा. हे दोन फेऱ्यांत. आणि मंजूर झालेलं गाणं बदलणं, नवं फुटेज पाठवणं, उभ्या आकाराची वेगळी कॉपी मागणं हे नवीन काम, त्याची रक्कम आधी सांगून. सगळ्यात जास्त वाद या तीन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे होतात. स्वतःच्या चुका बिनशर्त दुरुस्त करणाऱ्याला इतर दोन अटी सांगताना संकोच वाटत नाही.

कोटेशन एका पानाचं असावं आणि वकिली भाषेत नसावं. वरच्या कामासाठी ते असं लिहिता येईल:

> काम: वार्षिक कार्यक्रमाचा ५ मिनिटांपर्यंतचा आडवा व्हिडिओ, १०८०पी, एक फाइल.
> तुमच्याकडून: साडेसहा तासांपर्यंत मूळ फुटेज, टाइप केलेली नावांची यादी, लोगो. फुटेज जास्त आल्यास दर जादा तासाला ७५.
> रक्कम: २३५०, गाण्याचं लायसन्स वेगळं. काम सुरू करताना ५० टक्के, रफ कट मंजूर झाल्यावर २५, वॉटरमार्क नसलेली फाइल देण्याआधी २५.
> वेळ: फुटेज, यादी आणि ॲडव्हान्स मिळाल्यापासून ७ दिवसांत रफ कट, तो मंजूर झाल्यापासून ५ दिवसांत फाइन कट.
> बदल: दोन फेऱ्या रकमेत धरल्या आहेत, एक रफ कटवर आणि एक फाइन कटवर. एक फेरी म्हणजे तुमच्याकडच्या एकाच व्यक्तीने, व्हिडिओतली वेळ लिहून, कॉपी मिळाल्यापासून ७ दिवसांत पाठवलेली एक एकत्रित यादी. ७ दिवसांत यादी न आल्यास ती कॉपी मंजूर धरून पुढे जाऊ. आमच्या चुकांची दुरुस्ती यात मोजली जाणार नाही.
> जादा फेरी: १०० पासून पुढे, तासाप्रमाणे. रक्कम सांगून तुमची लेखी संमती आल्यावरच काम सुरू होईल.
> यात नाही: मूळ फुटेज परत देणं, प्रोजेक्ट फाइल, उभी कॉपी. फाइल दिल्यापासून ३० दिवसांनी आमच्याकडचं फुटेज काढून टाकलं जाईल.
> मर्यादा: हॉलमधल्या आवाजाचं घुमणं कमी होईल, पूर्ण जाणार नाही.
> हे कोटेशन १५ दिवस लागू.

यातल्या दोन ओळी नवे लोक घाबरून गाळतात. एक, "एकाच व्यक्तीने". समितीला हे पटतं, फक्त त्या व्यक्तीचं नाव काम सुरू होण्याआधी लिहून घ्या. दुसऱ्या कोणाचा मेसेज आला तर "ही सूचना चांगली आहे, यादीत घालायला तेवढं त्यांना सांगा" असं म्हणून त्या व्यक्तीकडे पाठवा. दुसरी, फुटेज काढून टाकण्याची. १०० एमबीपीएसचं फुटेज तासाला ४५ जीबी जागा घेतं, साडेसहा तासांचं जवळजवळ २९० जीबी, आणि बॅकअप धरून दुप्पट. चार कामांत दोन टीबीची डिस्क भरते. ही जागा तुम्ही विकत घेता, तेव्हा ती किती दिवस मिळणार हे क्लायंटला ठाऊक हवं. काढण्याच्या तीन दिवस आधी आठवण करून द्या.

आता कामं जाण्याची भीती. ती खोटी नाही. काही जण २३५० ऐकून नाही म्हणतील. अशा वेळी आकडा कापू नका, काम कापा. कोटेशनसोबत दुसरा पर्याय द्या: फक्त पहिल्या कॅमेऱ्याचं फुटेज, तीन मिनिटं, गाणं तुम्ही निवडणार, नावांची एकच तयार रचना, बदलांची एक फेरी. तपासणी एक तास, बघणं दोन, रफ कट तीन, फाइन कट दोन, आवाज एक, रंग एक, नावं अर्धा, एक्सपोर्ट एक, बोलणं एक, फेरी दीड. चौदा तास, वर दोन तास राखीव, सोळा, म्हणजे १६००. इथे लांबी पाचावरून तीनवर आली म्हणून पैसे कमी झालेले नाहीत. एक कॅमेरा, एक फोन आणि एक फेरी कमी झाली म्हणून झाले. क्लायंटला स्वस्त हवं असेल तर काय सोडावं लागेल ते समोर दिसतं, आणि तुमचा तासाचा दर दोन्हीकडे तोच राहतो. २३५० चं काम १६०० ला केलंत तर मात्र पुढच्या वर्षी तीच संस्था १६०० पासून बोलायला सुरुवात करेल.

राहिलं ते आत्ता हातात अडकलेलं काम. "हवे तितके" हा शब्द तुम्ही दिला होता, म्हणून झालेल्या नऊ फेऱ्यांचे पैसे मागू नका. पण शब्दाला शेवट असू शकतो. दहावी यादी येण्याआधी त्यांना लिहा:

> "नमस्कार. आतापर्यंतचे सगळे बदल करून कॉपी पाठवली आहे. तुम्ही सगळ्यांनी एकत्र बसून ती बघावी आणि राहिलेले मुद्दे, व्हिडिओतली वेळ लिहून, एकाच यादीत येत्या शुक्रवारपर्यंत पाठवावेत. ती यादी मी ठरलेल्या रकमेतच पूर्ण करेन आणि त्यानंतर अंतिम फाइल देईन. पुढे काही लागल्यास त्याचा खर्च आधी कळवेन. आमच्याकडून काही चूक राहिली असेल तर ती कधीही दुरुस्त करून मिळेल."

सगळ्या चौघांना एकाच मेलमध्ये घ्या, वेगवेगळे पाठवू नका. शुक्रवारी यादी आली तर पूर्ण करा, न आली तर सोमवारी, बाकी रक्कम जमा झाल्यावर, अंतिम फाइलची लिंक पाठवा आणि फुटेज कोणत्या तारखेपर्यंत ठेवणार तेही त्याच मेलमध्ये लिहा.